पस्तीस पट आणि बारावा हप्ता

डब्लिनच्या उत्तरेला सँट्रीत, विमानतळाच्या जरा अलीकडे, एका काचेच्या इमारतीत मी नोकरी करते. कंपनी ऑनलाइन कॅसिनो चालवते. पुण्यातल्या माझ्या सासूबाईंच्या लेखी मी 'आयटीत' आहे, आणि तसं ते खोटंही नाही. दिवसभर संगणकासमोर बसते, चॅटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. फक्त ते प्रश्न जुगाराचे असतात, एवढंच त्यांना सांगायचं राहिलंय.

लोक विचारतात ते बहुतेक एकच. माझ्या खात्यावर पैसे दिसतायत, मग काढता का येत नाहीत? आणि त्याचं उत्तरही बहुतेक वेळा एकच असतं. तुम्ही वेलकम बोनस घेतलाय, त्याची अट अजून पूर्ण झालेली नाही. हे सांगण्यासाठी आमच्याकडे तयार मजकूर असतो. बटण दाबलं की चार गोड वाक्यं समोरच्याच्या पडद्यावर जाऊन पडतात. त्या चार वाक्यांनी आजवर एकाचंही समाधान झालेलं मी पाहिलं नाही. माणूस पुन्हा तेच विचारतो, फक्त या खेपेला मोठ्या अक्षरांत.

मी गणित घेऊन बीएस्सी केलं, मग इथे येऊन एमएस्सी. म्हणून आमच्या मॅनेजरने एक दिवस मला बोलावलं. उंच, दक्षिणेतल्या कॉर्क शहराचा, बोलायला लाघवी, स्वतःचा चहा करताना दुसऱ्यालाही विचारणारा माणूस. म्हणाला, "बोनसच्या अटीचं हेल्प पेज नव्याने लिही. साधं, उदाहरणासकट. लोकांना कळेल असं."

मी लिहिलं. मनापासून लिहिलं. तुम्ही दोनशे युरो भरले, आम्ही दोनशे बोनस दिला, खात्यावर चारशे दिसतात. हा बोनस आणि त्यातून जिंकलेलं काढायचं असेल तर भरणा आणि बोनस मिळून जी रक्कम होते तिच्या पस्तीस पट डाव लावावे लागतात. चारशे गुणिले पस्तीस, म्हणजे चौदा हजार युरोंचे डाव. मुदत तीस दिवस. एका डावाला पाच युरोंपेक्षा जास्त लावायचे नाहीत. स्लॉटवर, म्हणजे चित्रं फिरणाऱ्या यंत्रावर, लावलेला प्रत्येक युरो पूर्ण धरला जातो, रूलेटच्या चाकावर लावलेला फक्त दहा टक्के.

इथपर्यंत सगळ्यांना पसंत. पण उदाहरण इथे थांबवलं तर ते उदाहरण कसलं? मी पुढे लिहिलं: आमचे स्लॉट सरासरी शंभराला शहाण्णव परत देतात, चार ठेवून घेतात. चौदा हजारांवर चार टक्के म्हणजे पाचशे साठ. खात्यावर आहेत चारशे. म्हणजे नशिबाने हात दिला नाही, तर अट पूर्ण व्हायच्या आत बोनसही संपतो आणि तुमचे स्वतःचे दोनशेही. काही लोक नशिबाने पार होतात. बहुतेक होत नाहीत. बोनसची खरी किंमत तुमचे दोनशे युरो आहे.

मॅनेजरने ते दोनदा वाचलं. "हे बरोबर आहे," तो म्हणाला, "पण हेल्पफुल नाही."

"पानाचं नाव हेल्प आहे," मी म्हटलं.

तो हसला. शेवटचा परिच्छेद त्याने उडवला आणि त्या जागी 'खेळाचा आनंद घ्या' असं लिहिलं. मी भांडले. यातला कुठला आकडा चुकीचा आहे ते दाखव, असं म्हटलं. त्याने एकही दाखवला नाही. मी ईमेल करून लेखी कळवलं की अर्धं उदाहरण हे उदाहरण नसतं, ती फसवणूक असते. त्याचं उत्तर एका शब्दात आलं: 'ग्रँड.' आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. बरं, ठीक, विषय संपला, असा त्याचा अर्थ. अर्धं पान माझ्या नाकावर टिच्चून प्रसिद्ध झालं.

माझी भिशी शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅलात असते, मी राहते तिथेच. आम्ही सहा मराठी बायका. दर महिन्याला प्रत्येकीने शंभर काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव येईल तिने सहाशे घ्यायचे आणि रविवारी दुपारी सगळ्यांना खायला घालायचं. त्या महिन्यात चिठ्ठी निघाली ती आमच्यातल्या सगळ्यात धाकटीची. तिला सातवा लागला होता. नवरा इथेच शिकला, शिक्षण संपून नोकरीच्या शोधात होता. ती एका पाळणाघरात अर्धवेळ कामाला जायची. तिची चिठ्ठी निघाली तेव्हा आम्ही सगळ्या ओरडलो, कारण ते सहाशे कशासाठी आहेत ते प्रत्येकीला माहीत होतं. आईचं तिकीट. कोल्हापूरकडच्या गावातून तिची आई बाळंतपणाला येणार होती, व्हिसा आला होता, आणि तिकिटाचे पैसे लेकीला स्वतःच्या कमाईतून भरायचे होते. नवऱ्याच्या नाही, भावाच्या नाही.

"आईने माझ्या शिक्षणाला पाटल्या मोडल्या," ती म्हणायची. "एक तिकीट तरी माझ्या पैशाने."

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले, जेवणाआधी हाताशी असावं म्हणून. साबुदाण्याची खिचडी होती. नवरा बाहेर गेला होता. मी कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, शेंगदाण्याचा डबा काढत होते तेव्हा ती मागून म्हणाली, "ताई, तुमच्या कंपनीचं एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

मला रागावणार नाहीस ना असं विचारलं की मी आधीच रागावते. पण तिचा चेहरा पाहून डबा खाली ठेवला. तिने फोन पुढे केला. आमच्याच कंपनीचं ॲप. खात्यावर तीनशे तीस युरो.

"दोनशे भरले होते," ती म्हणाली. "भिशीतले. आता तीनशे तीस झालेत, म्हणजे एकशेतीस फायदा. ते काढून तिकीट आणि आईचा इन्शुरन्स दोन्ही होईल. पण काढताच येईनात."

"तू हे का केलंस?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं. ते फार शांत निघालं नसावं, कारण ती दोन पावलं मागे सरकली.

"तुमचं हेल्प पेज वाचून केलं," ती म्हणाली. "इतकं सोपं लिहिलं होतं. मला वाटलं, बारावा हप्ता."

बाहेरच्या कुणाला हे कळणार नाही, पण मला तत्क्षणी कळलं. आमच्याकडे सोनाराच्या दुकानात योजना असते. अकरा महिने तुम्ही हप्ता भरायचा, बारावा सोनार भरतो, आणि त्या सगळ्याचं मिळून सोनं घ्यायचं. तिच्या आईने अशा योजना वर्षानुवर्षं चालवल्या होत्या. त्यातही अट असते. रोख मिळत नाही, त्याच दुकानात घ्यावं लागतं, मधेच सोडलं तर बारावा हप्ता जातो पण आपले पैसे परत मिळतात. म्हणून अट या शब्दाला ती घाबरली नाही. अट असतेच, पाळली की हातात पडतं, असंच ती लहानपणापासून बघत आली होती. दोनशेवर दोनशे म्हणजे तिच्या मते जरा उदार सोनार.

"सोनाराला तुझ्याकडून सोनं विकायचं असतं," मी म्हटलं. "आमचं दुकान वेगळं आहे. इथे तूच माल आहेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचाच राग आला आणि मग तो राग जिथे जायला हवा तिथे, सँट्रीच्या दिशेने वळला. सोनाराच्या योजनेवर वाढलेल्या पोरीने त्या पानावर भरवसा ठेवला यात तिची काय चूक? पान मी लिहिलं होतं. त्याचं डोकं दुसऱ्याने उडवलं होतं.

ती म्हणाली, "ताई, चौदा हजार मी आणू कुठून? ते मला कळलंच नाही."

"आणायचे नाहीत. तेच तेच पैसे पुन्हा पुन्हा लावायचे, त्यांची बेरीज चौदा हजार." मी ताटात शंभर शेंगदाणे मोजून घेतले. तिच्या हातात ताट देऊन म्हटलं, "हे वाटीत ओत. ओतलंस की चार मला." तिने ओतलं, मी चार उचलून तोंडात टाकले. "आता परत ताटात. परत चार मला." तिसऱ्या खेपेला ती थांबली.

"तू खाऊन टाकशील सगळे."

"आज एखादी मूठ तुला जास्त येईल, उद्या कमी. पण ओतत राहिलीस तर शेवटी कुणाचं पोट भरेल?"

तिने ताट खाली ठेवलं. मी तिला खात्याचा दुसरा पडदा उघडायला सांगितला. तिच्या फोनला मी हात लावला नाही. मी त्या कंपनीची नोकर, मला तिच्या खात्यात बोट घालता येत नाही, आणि घालायचंही नव्हतं. तिनेच उघडलं. आमच्याकडे भरलेले पैसे आधी खर्च होतात, बोनस मागून. तिथे स्पष्ट दोन ओळी होत्या: खरे पैसे, एकशेतीस. बोनस, दोनशे. खाली अटीची पट्टी, साडेबारा टक्के भरलेली.

"फायदा एकशेतीस नाही," मी म्हटलं. "तुझ्या दोनशेतले एकशेतीस उरलेत. सत्तर गेलेत. वरचे दोनशे तुझे नाहीतच अजून."

ती खुर्चीत बसली. पोटावर हात ठेवून बसली.

"बाकीचं तूच कर," मी म्हटलं. "साडेबारा टक्के म्हणजे किती?"

"आठवा हिस्सा."

"आठव्या हिश्श्यात सत्तर गेले. मग पूर्ण रस्त्यात?"

तिने ओठ हलवले. "पाचशे साठ."

तोच आकडा. पानावरून उडवलेला माझा पाचशे साठ, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्याच तोंडून. चौदा हजारांचा आठवा हिस्सा साडेसतराशे, त्यावर चार टक्के सत्तर. इतकं नेमकं कुणाचंच जात नाही, कुणाचं जास्त, कुणाचं कमी जातं. तिचं नेमकं गेलं. देवाला कधीकधी विनोद सुचतो आणि तो नेमक्या चुकीच्या घरी करतो.

"अजून सात हिस्से राहिलेत," ती हळू म्हणाली. "सत्तर सक्के... सत्तर साती चारशे नव्वद. आणि आहेत तीनशे तीस." मग म्हणाली, "रूलेट खेळले तर? लाल-काळं. त्यात निम्मे निम्मे चान्स ना?"

"निम्मे नाहीत. त्यात हिरवा शून्य असतो, तो आमचा. आणि रूलेटचा दहावाच भाग धरतात. तू शंभर लावलेस की पट्टीत दहा जमा."

"म्हणून ती हलत नव्हती." म्हणजे तेही करून झालं होतं.

मी तिला दोन वाटा सांगितल्या. खेळत राहायचं आणि नशिबाची वाट बघायची. कुणीकुणी पार होतं, खोटं कशाला बोलू. किंवा बोनस आत्ता सोडून द्यायचा. दोनशे बोनस जाईल, उरलेले खरे एकशेतीस तिचे राहतील, ते काढता येतील. तिच्याकडे भिशीतले चारशे शिल्लक होते. चारशे आणि एकशेतीस.

"पाचशेतीस," ती म्हणाली. "तिकीट सहाशेचं आहे."

"सत्तर मी देते."

"नाही."

"उसने घे."

"ताई, नाही म्हटलं ना! तुझे सत्तर घातले की ते माझं तिकीट राहत नाही." मी जशी तापट तशी ती हट्टी. टॅलातल्या आमच्या भिशीत गरीब गायी नाहीतच.

बोनस सोडायचा तर ॲपमध्ये बटण नाही. चॅटवर जावं लागतं. रविवारी दुसरा कुणीतरी बसला होता, मला माहीत नाही कोण. तिने लिहिलं, मला बोनस रद्द करून उरलेले पैसे काढायचेत. लगेच उत्तर आलं: 'तुम्ही छान प्रगती केली आहे! साडेबारा टक्के पूर्ण! आत्ता रद्द केलंत तर तुमचा दोनशे युरोंचा बोनस गमवाल. नक्की थांबायचं आहे का?'

दोनशे युरो गमवाल, हे वाक्य माणसाच्या पोटात बरोबर जाऊन बसतं. हे मला माहीत आहे, कारण तयार मजकुरांचं ते बटण मी रोज दाबते.

"दोनशे गमवाल म्हणतायत," ती म्हणाली.

"जे कधी तुझं नव्हतं ते कसं गमवशील? उत्तर दे."

तिने दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'हो. माझे मला द्या. तुमचे तुम्ही ठेवा.' तिने ते पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला. मग उठली आणि कढईत तूप घातलं. मोजलेले शेंगदाणे आम्ही कूट करून खिचडीत घातले. बाकीच्या चौघी आल्या तेव्हा आम्ही दोघी हसत होतो. कशाला ते कुणाला सांगितलं नाही.

एकशेतीस दोन-तीन दिवसांत तिच्या बँकेत जमा झाले. कागदपत्रांची तपासणी, पत्त्याचा पुरावा, सगळं रीतसर. नियम नियमासारखे वागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नियम अर्धा सांगण्याबद्दल.

सोमवारी मी मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, परिच्छेद परत घाल. त्याने कारण विचारलं. मी नाव न घेता सगळं सांगितलं. तो खरंच ऐकत होता. तो वाईट माणूस नाही, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. म्हणाला, "तिला वाईट वाटलं याचं मला वाईट वाटतं. पण पान बदलणं माझ्या हातात नाही."

"उडवणं हातात होतं."

"अप्रूव्ड टेक्स्ट आहे तो आता."

"मग मी चॅटवर लिहीन. कुणी विचारलं की पूर्ण उत्तर देणार."

"तू तयार मजकूरच वापरायचास. तुझं परमिट आमच्याकडे आहे," तो म्हणाला. धमकी द्यायची म्हणून नव्हे, आठवण म्हणून. पण माझ्या कानाला त्यातला फरक कळत नाही. वर्क परमिट कंपनीच्या नावावर असतं हे इथल्या प्रत्येक परदेशी माणसाला आंघोळ करतानाही आठवत असतं. त्यासाठी मॅनेजर लागत नाही.

त्या दिवसापासून मी हाताने लिहायला लागले. कुणी विचारलं, 'पैसे का निघत नाहीत', की आधी ती गोड चार वाक्यं आणि त्याखाली माझा हिशेब, त्या माणसाच्याच आकड्यांनी. तुम्ही भरले इतके, आम्ही दिले इतके, पस्तीस पट म्हणजे इतके, त्यातले चार टक्के इतके. एकाने मला शिव्या घातल्या. एका बाईने लिहिलं, 'हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?' मी तिला उत्तर दिलं, सांगितलं असतं तर तुम्ही इथे नसता. हे जरा जास्तच झालं, मान्य आहे. माझ्या चॅटचे गुण उतरले, कारण मी फार वेळ घेते. मग बैठक झाली, मग एचआरची बाई आली, मग एक पत्र येणार असं कळलं. नवरा म्हणाला, "जरा दमानं घे." मी म्हटलं, दमानं घ्यायला लग्नात तुझं नाव घेतलं होतं, यांचं नाही.

इकडे धाकटीने तिकीट काढलं. पाचशेतीसच्या आत बसेल असं शोधून शोधून काढलं. सहाशेच्या तिकिटात मुंबईहून एका ठिकाणी विमान बदलायचं आणि दोन तासांत पुढे निघायचं. हिने काढलेल्या तिकिटात तेच बदलणं होतं, पण पुढचं विमान अकरा तासांनी. मी तिला पुन्हा म्हटलं, सत्तर घे. पुन्हा नाही. आईला तिने फोनवर सांगितलं, "मधे जरा बसावं लागेल." आई म्हणाली, "बसू की. शेतात काय उभीच असते का मी?"

ज्या सकाळी तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, यायच्या होत्या त्या सकाळी माझी शिफ्ट उशिराची होती, म्हणून मीही विमानतळावर गेले. सँट्री तिथून बसने दहा मिनिटं. धाकटी, तिचा नवरा आणि मी अडसराजवळ उभे होतो. नवऱ्याला तिने एव्हाना सगळं सांगितलं होतं. त्या मुलाने माझ्याकडे बघून एकदाच मान हलवली, आभार मानल्यासारखी. माणसं बाहेर येत राहिली. त्यात मावशी दिसेनात. धाकटी टाचा उंचावून बघत होती, त्या पोटासकट.

मग त्या दिसल्या. हिरवं लुगडं, त्यावर मुलाचं जाड जॅकेट, एका हाताने ट्रॉली ढकलतायत. दुसऱ्या हातात चपला. पायांत काही नाही. डब्लिन विमानतळाच्या त्या गुळगुळीत फरशीवरून ती बाई अनवाणी चालत येत होती. जवळ आल्या तेव्हा पाय दिसले. घोट्यापासून खाली सुजून टम्म झालेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ वर उमटलेला.

"आई! हे काय झालं?"

"काय न्हाई गं. बसून बसून पाय भरलं. चपला शिरंनात, म्हणलं हातात घ्याव्यात." त्यांनी लेकीच्या पोटावर हात ठेवला. "तिथं झोपायचं म्हणलं तर खुर्च्यांच्या मधी दांड्या. काय ती माणसं, झोपू बी देत न्हाईत. पर आले की न्हाई तुज्या तिकिटावर?"

"आलीस," धाकटी म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडून रडली. तिला वाकता येत नव्हतं म्हणून नवऱ्याने खाली बसून सासूच्या पायांत स्वतःचे मोजे घातले. मावशी नको नको म्हणत होत्या आणि हसत होत्या. आल्या याचा आनंद होताच, खोटं सांगणार नाही. पण त्या पायांकडे बघून माझं डोकं असं फिरलं की मी निरोपही नीट घेतला नाही. बस पकडली आणि ऑफिसला गेले.

माझ्या टेबलावर पत्र ठेवलेलं होतं. पुढे मंजूर मजकुराबाहेर काही लिहिल्यास माझ्या नेमणुकीचा पुनर्विचार होईल, खाली सही करा. मी ते बाजूला सारलं, सही न करता, आणि लॉग इन केलं. पहिलाच चॅट एका माणसाचा. अजून पैसे भरलेले नव्हते. त्याने विचारलं होतं, 'तीनशे भरले तर तीनशे मिळतात ना? फुकट ना?'

मी लिहायला सुरुवात केली. तीनशे आणि तीनशे, सहाशे. पस्तीस पट, एकवीस हजार. चार टक्के, आठशेचाळीस. खात्यावर सहाशे. मागे कुणीतरी उभं आहे हे कळलं. मॅनेजर, हातात दोन कप, एक माझा.

"हे अप्रूव्ड नाही," तो हळूच म्हणाला.

"चुकीचा आकडा दाखव."

त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. चहा माझ्याजवळ ठेवला.

"पाठवू नकोस," एवढंच म्हणाला. "प्लीज."

मला त्या चपला दिसत होत्या. मी खाली आणखी एक ओळ घातली: 'या पैशांतून कुणाचं तिकीट काढायचं राहिलं असेल, तर ते आधी काढा.' आणि तो मागे उभा असतानाच पाठवलं.